आठ हजारांची मागणी, अठ्ठावीसशेचं मशीन

चाकणमधल्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीचा परचेस मॅनेजर भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपमध्ये येतो. नमुना त्याला आवडलेला असतो, भावही जवळपास जमलेला असतो. चहा होतो आणि उठता उठता तो विचारतो, "महिन्याला आठ हजार नग जमतील ना?" मालकाचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, "होऊन जाईल, सर."

या उत्तरात लबाडी असतेच असं नाही. पुष्कळदा मालकाला स्वतःचाच आकडा माहीत नसतो. मशीन दिवसभर चालताना दिसतं, रात्री ते बंद असतं, तेव्हा जागा आहे असं वाटतं. त्यात धाकही असतो, की आठ हजारांना नाही म्हटलं तर गाडी पुढच्या शेडकडे वळेल. हा धाक पूर्णपणे खोटा नाही, पण वाटतो तितका खराही नाही. मोठा खरेदीदार लहान आकड्याला जेवढा बिचकतो, त्याहून जास्त तो ज्याचा भरवसा नाही अशा आकड्याला बिचकतो. त्यामुळे नाही कसं म्हणायचं हा नंतरचा प्रश्न आहे. आधी आपला आकडा काढायला हवा.

हिशेबासाठी एक नमुनादाखल वर्कशॉप घेऊ. दोन सीएनसी टर्निंग मशीन आहेत, दोन व्हीएमसी आहेत, पंधरा-सोळा माणसं आहेत आणि दोन शिफ्ट चालतात. मागणी आहे कास्ट आयर्नच्या बेअरिंग हाउसिंगची. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, टर्निंगवर बोअर आणि फेस होतो आणि मग व्हीएमसीवर सहा भोकं पाडून त्यांना आटे पाडले जातात. टर्निंगला नगामागे दोन मिनिटं लागतात आणि मशीन दोन आहेत, त्यामुळे तिथे अडत नाही. काम अडतं ते व्हीएमसीवर. तिथला सायकल टाइम साडेतीन मिनिटं आहे.

"होऊन जाईल" म्हणणाऱ्याच्या डोक्यातलं गणित असं असतं: महिन्याचे तीस दिवस, दिवसाचे चोवीस तास आणि नगाला साडेतीन मिनिटं. म्हणजे एका मशीनवर बारा हजारांच्या वर नग निघतात. मग आठ हजार म्हणजे आरामात!

आता खरं गणित मांडू. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. एखादा सण धरला की महिन्याला पंचवीस दिवस हाती राहतात. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि चहाची पाऊण तास वजा केली की सव्वासात तास उरतात. दोन शिफ्टचे मिळून महिन्याला साधारण ३६२ तास होतात. साडेतीन मिनिटांचा सायकल टाइम हा फक्त दार बंद असतानाचा वेळ आहे. झालेला नग काढायचा, फिक्स्चरवरची चिप हवेने उडवायची, नवा नग बसवून क्लॅम्प आवळायचा, यात चाळीस सेकंद जातात. म्हणजे नगामागे चार मिनिटं दहा सेकंद. या हिशेबाने ५,२२० नग निघायला हवेत. पण टॅप तुटतो, ड्रिल बदलावं लागतं, वीज जाते, सकाळी पहिला नग तपासून पास होईपर्यंत मशीन थांबतं आणि एखादा ऑपरेटर न सांगता गावी जातो. चांगल्या चालणाऱ्या लहान वर्कशॉपमध्येही शंभरातले वीस तास असे जातात असं धरलेलं बरं. मग राहतात ४,१७६.

अजून हिशेब संपलेला नाही. दोन व्हीएमसींपैकी एक जुन्या गिऱ्हाइकांच्या कामात पूर्ण अडकलेलं आहे. दुसऱ्याचाही तीस टक्के वेळ त्यांचाच आहे. उरलेल्या सत्तर टक्क्यांत सुमारे २,९०० नग होतात. त्यातून शेकडा दोन नग ब्लो-होल किंवा मापाच्या फरकामुळे बाद होतील, तेव्हा राहतात २,८६५. छातीठोकपणे सांगता येईल असा आकडा २,८००.

बारा हजार आणि अठ्ठावीसशे यांच्यामधल्या फरकात कुठेही आळस नाही की गैरव्यवस्था नाही. चहा, चिप, टॅप, गुरुवार आणि जुनी गिऱ्हाइकं मिळून हा फरक होतो. हे गणित कागदावर मांडताना ताण पडतो तो जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळीवर. नव्या मोठ्या ऑर्डरच्या उत्साहात ती ओळ लिहायचीच राहते, आणि पुढे सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

आता खरेदीदाराच्या बाजूने पाहू. त्याला आठ हजार हवेत, ते कशासाठी? हा प्रश्न त्याला विचारायला लहान उद्योजक संकोचतात, पण परचेसवाल्याला तो आवडतो. गिअरबॉक्सचं मॉडेल नवं असेल, तर आठ हजार हा बहुधा उत्पादन पूर्ण भरात आल्यावरचा आकडा असतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्याला हजार-दीड हजारच लागतील. मॉडेल जुनं असेल, तर आज हे नग कोणीतरी देतंच आहे, आणि हा माणूस दुसरा पुरवठादार शोधतो आहे. दोन्ही प्रसंगांत आठ हजारांची मागणी पहिल्या तारखेला आठ हजारांची नसते. "सर, पहिल्या सहा महिन्यांचं महिनावार शेड्यूल अंदाजे कसं असेल? आणि हा पार्ट सध्या कोणाकडून येतो का?" या दोन प्रश्नांनी बोलणीचा अर्धा ताण उतरतो.

दुसरा पुरवठादार शोधण्यामागे मोठ्या कंपन्यांची जुनी धास्ती आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा दाब सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह बनत असे, आणि टोयोटाला लागणारे हे व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे तिथूनच येत. टोयोटाकडे साठा जेमतेम काही तासांचा होता. काही दिवस तिचे जपानमधले बहुतेक कारखाने बंद राहिले. मग डझनावारी लहानमोठ्या कारखान्यांनी मिळेल त्या मशीनवर व्हॉल्व्ह बनवून दिले, तेव्हा गाडं पुन्हा सुरू झालं. या व्हॉल्व्हची किंमत गाडीच्या तुलनेत किरकोळ होती. चाकणच्या परचेस मॅनेजरला आयसिनचं नाव माहीत असो वा नसो, दोनशे रुपयांच्या पार्टमुळे लाइन थांबली तर त्याची काय गत होते हे त्याला नेमकं माहीत असतं. म्हणून एका पार्टचे दोन पुरवठादार आणि त्यांच्यात साठ-चाळीस किंवा सत्तर-तीस अशी वाटणी त्याला सोयीची वाटते. आपले अठ्ठावीसशे म्हणजे त्याच्या आठ हजारांतले पस्तीस टक्के. वाटणीचा हा वाटा तो पुष्कळदा आनंदाने देतो, पण तो वाटा ठाम असला पाहिजे.

शिवाय खोटा आकडा टिकत नाही. वाहन उद्योगात नमुना मंजूर होताना कागदपत्रांचा एक मोठा संच द्यावा लागतो. कारखान्यात आणि इथल्या बोलण्यात त्याला पीपीएपी म्हणतात. त्यासाठी घेतलेले नग प्रत्यक्ष उत्पादनाच्या मशीनवर आणि साच्यांवर, सलग, साधारण तीनशे तरी काढलेले असावे लागतात. बरेच खरेदीदार त्यापुढे 'रन ॲट रेट' मागतात. त्यांचा क्वालिटीचा माणूस घड्याळ घेऊन मशीनपाशी उभा राहतो, शिफ्टभर नग मोजतो आणि त्यावरून महिन्याचा आकडा काढतो. "होऊन जाईल" तिथे उघडं पडतं, आणि तेही पॅटर्न, फिक्स्चर आणि गेजवर दोघांचा खर्च झाल्यानंतर.

म्हणून सांगायची वेळ कोटेशनच्या आधीची किंवा कोटेशनबरोबरची. नमुना मंजूर झाल्यावर सांगितलेली मर्यादा ही फसवणूक वाटते. तीच मर्यादा कोटेशनच्या पत्रात असली तर ती माहिती वाटते.

पण नुसतं "आमची कपॅसिटी अठ्ठावीसशे" एवढं सांगून थांबणं बरोबर नाही. त्यातून त्याला एक भिंत दिसते. त्याला पायऱ्या दाखवायला हव्यात, आणि प्रत्येक पायरीवर काय लागेल, कोणाकडून लागेल आणि किती दिवसांनी होईल तेही सांगायला हवं. आपल्या उदाहरणात पहिली सुधारणा फिक्स्चरची. एकाऐवजी दोन नग बसवणारं फिक्स्चर केलं, तर टूल बदलण्याचा वेळ दोन नगांत वाटला जातो आणि नगामागे चाळीस सेकंद वाचतात. त्याने अठ्ठावीसशेचे चौतीसशे होतात. मात्र फिक्स्चर बदललं की प्रक्रिया बदलली, त्यामुळे खरेदीदाराची मंजुरी पुन्हा लागते. ती गुपचूप बदलणारे असतात, आणि पहिल्या तक्रारीत सापडतात.

दुसरी पायरी तिसऱ्या शिफ्टची. रात्रीच्या शिफ्टचा वेग कमी असतो, तपासायला वेगळा माणूस लागतो. तरी हिशेब साडेपाच हजारांपर्यंत जातो. इथे एक नवीच अडचण समोर येते, आणि ती पत्रात लिहिली पाहिजे: कोल्हापूरच्या फाउंड्रीने सांगितलं आहे की सध्याच्या पॅटर्नवर महिन्याला पाच हजारांहून जास्त कास्टिंग निघणार नाहीत. म्हणजे आता मशीन नव्हे, कास्टिंग अडतं. त्यामुळे पाच हजार हीच या पायरीची मर्यादा. आठ हजारांसाठी आणखी एक व्हीएमसी आणि पॅटर्नचा दुसरा संच लागेल. त्या दोन्ही आल्या, तर दोन शिफ्टमध्येच आठ हजार निघतील, तिसऱ्या शिफ्टची गरजही उरणार नाही.

पत्रातला मजकूर मग असा काहीसा होईल: "सध्याच्या मशीनवर आणि दोन शिफ्टमध्ये, आमच्या चालू गिऱ्हाइकांचं काम धरून, दरमहा २,८०० नग. नव्या फिक्स्चरला आपली मंजुरी मिळाल्यावर सहा आठवड्यांनी ३,४००. तिसरी शिफ्ट सुरू केल्यावर ५,०००. यापुढे मर्यादा कास्टिंगची आहे. दरमहा ८,००० साठी आणखी एक व्हीएमसी आणि पॅटर्नचा दुसरा संच लागेल, त्याला ऑर्डरपासून पाच महिने. मशीनमध्ये गुंतवणूक आम्ही करू. पॅटर्न, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, आपल्या मालकीचा आणि आपल्या खर्चाचा असावा. मशीन बुक करण्याआधी बारा महिन्यांच्या किमान उचलीचं लेखी पत्र हवं." यात कुठेही माफी नाही, आणि "आम्ही लहान उद्योजक आहोत, समजून घ्या" हेही नाही. पॅटर्नचा खर्च मागणं हे लहान माणसाला उद्धटपणाचं वाटतं. पण टूलिंगचे पैसे खरेदीदाराने द्यायचे आणि त्याची मालकीही खरेदीदाराची, ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे. भाव वाढवून मागण्यापेक्षा पॅटर्न मागितलेला त्याला सोपा जातो, कारण ते पैसे त्याच्याकडे वेगळ्या खात्यात असतात.

एवढं सांगितल्यावरही तो ताणून पाहणारच.

"पाच महिने? तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

"सर, तोपर्यंत तुमचा सध्याचा पुरवठादार सोडू नका. आमचे अठ्ठावीसशे त्याच्यावर जमेला धरा."

"त्या जुन्या गिऱ्हाइकांचं काम थोडं मागे टाका की. आमची ऑर्डर त्यांच्यापेक्षा मोठी आहे."

"आज त्यांचं मागे टाकलं, तर उद्या आणखी मोठा कोणी आला की तुमचंही टाकीन. ते चालेल का?"

हे उत्तर चांगल्या परचेस मॅनेजरला पटतं, असं माझं निरीक्षण आहे. काहींना पटत नाही. ज्या कंपनीला एकच पुरवठादार हवा आहे आणि पहिल्याच महिन्यापासून आठ हजार हवेत, तिथे ही ऑर्डर जाणार, आणि ती जाऊ द्यावी.

बाहेरच्या शेडमधून काम करून घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. शेजारच्या गल्लीत मित्राचं व्हीएमसी रिकामं असतं, नग तिकडे टाकले की आकडा वाढतो. हे करायला हरकत नाही, पण कोटेशनमध्ये त्या शेडचं नाव आणि तिथे होणारं ऑपरेशन लिहिलेलं हवं, आणि तिथलेही नमुने मंजूर झालेले हवेत. न सांगता बाहेर दिलेलं काम एखाद्या आट्यातल्या दोषापायी परत आलं, तर खरेदीदार तो दोष विसरेल, पण लपवाछपवी विसरणार नाही.

कपॅसिटीचा आणखी एक भाग मशीनवर दिसत नाही, तो बँकेच्या पासबुकात दिसतो. कास्टिंग समजा १८० रुपयांचं. अठ्ठावीसशे नगांसाठी महिन्याला पाच लाखांची कास्टिंग लागतात, आठ हजारांसाठी साडेचौदा लाखांची. फाउंड्री पैसे तीस दिवसांत मागते. आपल्याकडे पंधरवड्याचा माल पडून असतो, आणि मोठी कंपनी माल पोचल्यावर पंचेचाळीस दिवसांनी देते. म्हणजे साधारण महिनाभराचे कास्टिंगचे पैसे कायम अडकलेले. पगार आणि वीजबिल वेगळंच. पुष्कळ लहान कारखाने मोठी ऑर्डर पुरी करता करता मशीन चालू असताना बंद पडतात, ते या कारणाने. म्हणून आठ हजारांच्या पायरीबरोबर पैशांची अटही त्याच पत्रात यावी. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२३-२४ या वर्षापासून प्राप्तिकराच्या ४३बी(एच) कलमामुळे, या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, ती देईल त्या वर्षीच मिळते. या कलमाने परचेसवाल्यांपेक्षा त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना जास्त जागं केलं. शिवाय अडीचशे कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सच्या व्यासपीठावर नोंदणी बंधनकारक झाली आहे. खरेदीदाराने तिथे बिल मंजूर केलं, की ते बँकेकडून वटवून पैसे आधी घेता येतात. "आपण ट्रेड्सवर आमची बिलं मंजूर कराल का?" हे बोलणी चालू असतानाच विचारावं. ऑर्डर हाती आल्यावर विचारलं, तर उत्तर टाळलं जातं.

ऑर्डर मिळाल्यावरही आकड्याचा प्रामाणिकपणा संपत नाही. खरेदीदार दर महिन्याला शेड्यूल पाठवतो. बहुधा येत्या महिन्याचं पक्कं आणि पुढच्या दोन महिन्यांचं अंदाजे. पक्क्या महिन्यात अचानक ३,६०० आले, तर "बघतो" म्हणून सोडू नये. त्याच दिवशी ईमेल जावा: अठ्ठावीसशे ठरल्या तारखांना, उरलेल्यांपैकी इतके ओव्हरटाइमवर अमुक तारखेला, आणि बाकीचे पुढच्या महिन्यात. स्पिंडलचं बेअरिंग गेलं, तर त्याच संध्याकाळी फोन. दोन दिवस अगोदर कळलं, तर खरेदीदार लाइनवरची मॉडेलं पुढेमागे करू शकतो. टेम्पो न आल्यावर कळलं, तर काहीच करू शकत नाही, आणि मग लाइन थांबल्याची डेबिट नोट येते.

हे सगळं सर्वात कठीण होतं ते ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान. दसरा-दिवाळीच्या विक्रीसाठी गाड्यांचं उत्पादन वाढतं, शेड्यूल फुगतं, आणि नेमके तेव्हाच ऑपरेटर मराठवाड्यात, विदर्भात, बिहारमध्ये आपापल्या गावी निघतात. बिहारकडची मंडळी छठपूजा झाल्याशिवाय परतत नाहीत. त्या पंधरवड्यात आपले अठ्ठावीसशे सोळाशे-सतराशेवर येणार, हे दरवर्षी ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी खरेदीदाराला ऐनवेळी कळतं. त्याऐवजी जुलैमध्ये परचेसला लिहावं, की ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आम्ही जास्तीचे हजार नग बनवून ठेवू शकतो, त्यासाठी आपली लेखी मंजुरी हवी, म्हणजे डिझाइन मध्येच बदललं तर तो साठा आपण उचलाल.